फोटोतल्या डेव्हियन्सवरून लाइकलिहूड रेशो टेस्ट : आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या ग्रुपमधे डेटा एकाच मशीनवर असतो, त्यामुळे बाकीचे आउटपुटचा मोबाइलवर फोटो काढून पाठवतात आणि विचारतात की मोठं मॉडेल घेऊ का छोटंच ठेवू. आठ महिने झाले, मी अशा फोटोंवरूनच टेस्ट करतोय. पद्धत एकदम भरवशाची आहे, पण फोटो नीट वाचता आला तरच.

परवाचंच घ्या. आरमधली लॉजिस्टिक रिग्रेशन, छोट्या मॉडेलला `Residual deviance: 214.83 on 194 degrees of freedom`, मोठ्यात तीन टर्म जास्त, तिथे 191 वर मला दिसलं 208.31. वजाबाकी 6.52, डिग्री 3, पी व्हॅल्यू 0.089, म्हणजे त्या तीन टर्म्सना काही अर्थ नाही असं मी सांगणारच होतो. पण पाठवायच्या आधी मी नेहमी खालची `AIC` ची ओळ बघतो. छोट्याचा 226.83, मोठ्याचा 224.31, फरक 2.52, त्यात वाढलेल्या टर्म्सचे दुप्पट म्हणजे 6 मिळवले की 8.52 येतात, आणि डेव्हियन्सचा फरकही तेवढाच यायला हवा. आला नाही! फोटो झूम करून पाहिला तर स्क्रीनच्या चमकेत 6 चा 8 दिसत होता, खरा आकडा 206.31.

```
pchisq(214.83 - 206.31, df = 3, lower.tail = FALSE)
```

उत्तर 0.036. एका आकड्यापायी निकालच फिरला असता. लॉजिस्टिक आणि पॉइसनला हा ताळा मी आता कधीच चुकवत नाही.

यापेक्षा वाईट चूक मात्र फोटो अगदी स्वच्छ असला तरी होते. नवीन व्हेरिएबलमधे मिसिंग व्हॅल्यू असल्या की आर त्या ओळी गाळून मॉडेल बसवतं, मग दोन मॉडेल दोन वेगळ्या डेटावरची होतात आणि कमी ओळींमुळेच डेव्हियन्स घसरतो, आपल्याला वाटतं केवढी सुधारणा झाली. एकदा तीनच टर्म वाढवल्या होत्या आणि डिग्री 194 वरून थेट 184. तीनाऐवजी दहा कशा? सात ओळी गळाल्या होत्या, आणि ते सांगणारी ओळ फोटोत आलीच नव्हती. म्हणून आधी `Null deviance` बघा, दोन्ही फोटोंत आकडा आणि डिग्री तंतोतंत सारखी पाहिजे (वरच्या केसमधे दोन्हीकडे 244.35 आणि 199 होतं). जुळत नसेल तर वजाबाकी करूच नका, पूर्ण असलेल्या ओळींवर दोन्ही मॉडेल पुन्हा चालवायला सांगा.

साध्या लिनिअर मॉडेलचा `glm` आउटपुट आला तर मी हे करत नाही, तिथला डेव्हियन्स म्हणजे नुसती अवशेषांच्या वर्गांची बेरीज असते, एकक बदललं की आकडा बदलतो, तिथे एफ टेस्टच लागते.

आता फोटो मागतानाच सांगतो, `Null deviance` पासून `AIC` पर्यंतच्या सगळ्या ओळी एका फ्रेममधे घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा.