गिनीपिगमधील स्कर्व्ही : क जीवनसत्त्व पाण्यातून, खाद्यातून की थेट तोंडात?

गिनीपिगच्या यकृतात क जीवनसत्त्व तयार करणारे शेवटच्या टप्प्यावरचे विकरच नसते, त्यामुळे ते रोज बाहेरून मिळाले नाही तर दोन-तीन आठवड्यांत स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागतात. कोलॅजेन नीट न बनल्याने रक्तवाहिन्या कमकुवत होतात, सांध्यांभोवती रक्तस्राव होतो आणि मागच्या पायांचे गुडघे सुजतात. असा प्राणी कोपऱ्यात बसून राहतो आणि उचलताच ओरडतो. अनेकदा हा आळस किंवा म्हातारपण समजले जाते, पण ती वेदना असते.

निरोगी प्रौढ गिनीपिगला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 10 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. गाभण मादीची गरज वरच्या टोकाची असते. आजारात सामान्यतः दर किलोमागे रोज 50 ते 100 मिलिग्रॅम दिले जाते.

पाण्यात थेंब टाकणे सर्वांत सोपे वाटते, परंतु मी ते सुचवणार नाही. उघड्या भांड्यातल्या पाण्यात हे जीवनसत्त्व एका दिवसात निम्म्याहून अधिक नष्ट होऊ शकते, धातूच्या संपर्काने आणखी लवकर. शिवाय पाण्याची चव बदलली की काही गिनीपिग पाणीच कमी पितात.

गिनीपिगसाठीचे गोळीखाद्य रोजच्या आहारात चांगले, मात्र त्यावरील उत्पादनाची तारीख पाहावी. साध्या स्वरूपातले जीवनसत्त्व साधारण तीन महिन्यांत बरेच घटते, स्थिर केलेले अधिक टिकते. सशांच्या खाद्यात ते पुरेसे असेल असे धरू नये. ताजी लाल ढोबळी मिरची हा उत्तम स्रोत आहे. 25 ग्रॅम फोडीतून सुमारे 30 मिलिग्रॅम मिळते, म्हणजे 900 ग्रॅम वजनाच्या निरोगी प्राण्याची दिवसाची गरज भागते.

हाच 900 ग्रॅमचा प्राणी गुडघे सुजून बसला असेल, तर हिशेब बदलतो. वाटी आणि बाटली दोन्हींसाठी त्याने चालत जावे लागते, आणि नेमके तेच तो टाळत असतो. आता 50 मिलिग्रॅमच्या प्रमाणाने त्याला रोज 45 मिलिग्रॅम लागेल. औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असेल तर सिरिंजने 0.45 मिलिलिटर, गालाच्या बाजूने, सावकाश द्यावे. औषध केवळ क जीवनसत्त्वाचे असावे, कारण बहुजीवनसत्त्वाच्या मिश्रणातून अ आणि ड यांची मात्रा घातक ठरू शकते. नेमकी मात्रा आणि वेदनाशामक पशुवैद्यकाने ठरवावे.

उपचार सुरू झाल्यावर साधारण आठवडाभरात हालचाल आणि भूक सुधारायला हवी. एकच सांधा सुजलेला व गरम असेल, तळव्याला जखम असेल किंवा सुधारणा दिसत नसेल, तर जंतुसंसर्ग किंवा अस्थिभंगाची शक्यता क्ष-किरण तपासणीने पडताळावी. प्राणी नीट खाऊ लागल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सिरिंज थांबवून रोज ताजी मिरची आणि नव्या उत्पादनाचे गोळीखाद्य यांवर यावे.