वांग्यावरचा ठिपक्यांचा भुंगेरा: फवारायचा की राहू द्यायचा?

वाळवा-मिरजेकडून वांग्याच्या पानावरच्या नारिंगी, ठिपकेवाल्या भुंगेऱ्याचा फोटो येतो, तेव्हा दोन शक्यता असतात. एक मित्रकीटक ढालकिडा, दुसरा पान खाणारा एपिलॅक्ना.

ढालकिड्याची पाठ गुळगुळीत, चकचकीत असते; ठिपके सहा-सात किंवा नागमोडी पट्टे. एपिलॅक्नाची पाठ मळकट तांबूस, बारीक लव असलेली, ठिपके बहुधा २८. पण फ्लॅश मारला की मळकट पाठही चमकते, म्हणून नुसत्या पाठीच्या फोटोवर मी निर्णय देत नाही. पानाचा फोटो मागवतो. हिरवा भाग खरवडून जाळी उरली असेल तर एपिलॅक्ना. पान शाबूत आणि खालच्या बाजूला मावा असेल तर ढालकिडा. तो मावाच खायला आलेला असतो.

अळ्या तर लांबूनही वेगळ्या दिसतात: एपिलॅक्नाची पिवळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची, ढालकिड्याची काळसर, लांबट, चपळ. अंडी मात्र दोघांची पिवळ्या पुंजक्यात असतात. फोटोत फक्त अंडी असतील तर औषध काढू नका, अळ्या निघाल्यावर पुन्हा फोटो घ्या.

एपिलॅक्ना थोडा असेल तर अंडी-अळ्यांची पाने तोडून नष्ट करा. माव्यासाठी सरसकट कीटकनाशक मारलंत, तर ढालकिडाही मरतो.