आभारपत्रात आठवण घालावी, की आठवणीभोवती पत्र लिहावं?

मार्गदर्शकांसाठी एआयकडून लिहून घेतलेलं आभारपत्र बहुधा असं असतं: ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे माझ्या वाटचालीला योग्य दिशा मिळाली. आपला संयम मला सदैव प्रेरणा देत राहील.’ चूक काही नाही, पण हे कुणालाही पाठवता येईल. त्यात फक्त तुम्हा दोघांची अशी एक आठवण आणायची, तर तीन पर्याय आहेत.

समजा, आठवण अशी आहे. तुम्ही पहिला अहवाल घेऊन मॅडमकडे गेलात. त्यांनी आलेखाचं शीर्षक हाताने झाकलं आणि विचारलं, “आता सांग, हा काय म्हणतो?” तुम्हाला सांगता आलं नाही.

पहिला पर्याय म्हणजे तयार मसुद्यात हे एक वाक्य घुसवणं. काम लगेच होतं, पण जोड उघडी पडते. आजूबाजूला ‘आपल्या अमूल्य’ची भाषा आणि मधेच ‘तुम्ही शीर्षक झाकलंत’. अनेकांच्या सह्यांच्या औपचारिक पत्रात हे चालून जाईल.

दुसरा पर्याय, आठवण एआयला सांगून पत्र नव्याने लिहून घेणं. भाषा एकसंध होते, धोका मात्र मोठा. न घडलेलं आत शिरतं: मॅडमचं मंद स्मित, संध्याकाळची वेळ, ‘त्या क्षणी मला उमगलं’. मॅडम तिथे होत्या. एक तपशील खोटा वाटला की त्यांना खऱ्यावरही विश्वास ठेवणं जड जाईल. हा मार्ग घेतलात तर प्रत्येक तपशील आठवणीशी ताडून पाहा, आणि प्रसंगानंतर जोडलेला बोध काढून टाका.

तिसरा पर्याय मला सर्वांत पटतो. मसुदा बाजूला ठेवून प्रसंग आधी स्वतः लिहायचा, त्यांच्याशी बोलता तशा भाषेत. मग मसुद्यातलं एकेक वाक्य तपासायचं: हे दुसऱ्या मार्गदर्शकांनाही जसंच्या तसं पाठवता येईल का? येत असेल तर खोडायचं. पत्राचं निमित्त आणि शेवटची विचारपूस, एवढंच सहसा उरतं:

‘मॅडम, मला नवीन जबाबदारी मिळाली, हे तुम्हाला कळवायचं होतं. माझ्या पहिल्या अहवालातल्या आलेखाचं शीर्षक तुम्ही हाताने झाकलं होतंत आणि मला त्यातलं काहीच सांगता आलं नव्हतं. अजूनही कुठलाही आलेख पाठवण्याआधी मी शीर्षक झाकून बघते. मनापासून आभार. तब्येत कशी आहे?’

‘अजूनही बघते’ हे वाक्य मसुद्यात येऊच शकत नव्हतं. ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे. ‘अमूल्य मार्गदर्शन’ म्हणजे नेमकं काय, हे मॅडमना त्यातून कळतं.

वेळ थोडा असेल तरी तिसराच निवडा, कारण पत्र छोटं झालेलं चालतं. मात्र प्रसंग निवडताना त्यात मार्गदर्शकांनी स्वतः काही केलेलं असावं. त्या तो विसरल्याही असतील, म्हणून ‘पहिला अहवाल’ इतका संदर्भ तरी द्यावाच.