तीन लॅपटॉप, एक तक्ता: कोणत्या ओळी ठेवायच्या, कोणत्या खोडायच्या

दुकानाच्या वेबसाइटवरचं 'कंपेअर' बटण दाबलं की चाळीसेक ओळींचा तक्ता उघडतो. ब्लूटूथ आहे, वेबकॅम आहे, वायफाय आहे, आणि या गोष्टी तिन्हींमध्ये आहेत. जिथे तिन्ही रकाने सारखेच भरतात ती ओळ निवडीच्या कामाची नाही, ती सरळ खोडा. बहुतेक वेळा सात-आठ ओळीच उरतात.

उदाहरण घेऊ. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, राहणार तालुक्याच्या गावी, बजेट ६०,००० रुपये, लॅपटॉप रोज पाठीवर घेऊन एसटीने कॉलेज, आणि चार वर्षं तो टिकायला हवा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, पण या किमतीत अशीच तिढ्याची निवड समोर येते.

| | अ | ब | क |
|---|---|---|---|
| अट: १६ जीबी रॅम मिळेल? | नाही (८, सोल्डर केलेली) | हो (८ + रिकामा स्लॉट) | हो (१६, सोल्डर केलेली) |
| अट: ६०,०००च्या आत? | हो | हो | हो |
| रॅमसकट एकूण खर्च | – | ५५,००० + ४,००० | ५९,९९० |
| बिघडल्यास | सेंटरला न्यायचा | माणूस घरी येतो | सेंटरला न्यायचा, १२० किमी |
| बॅटरी (वॉट-अवर) | ४२ | ५० | ५७ |
| वजन (किलो) | १.४ | १.७ | १.३ |
| स्क्रीनचा उजेड (निट्स) | ३०० | २५० | ३०० |

वरच्या दोन ओळी अटींच्या आहेत. तिथे 'नाही' आलं की तो लॅपटॉप बाद, खाली तो कितीही सरस असो. प्रत्येक ओळीला पाचपैकी गुण देऊन बेरीज करायची पद्धत इथेच फसते. अ हलका आणि स्क्रीनला उजळ म्हणून बेरजेत बच्या पुढे निघून जाऊ शकतो, आणि तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ, एमुलेटर आणि ब्राउझर एकदम उघडले की ८ जीबी कमी पडते. सोल्डर केलेली रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते. वेगळा स्लॉट दिलेला नसेल तर ती पुढे वाढवता येत नाही. कंपनीच्या स्पेसिफिकेशन शीटवर रॅमपुढे Soldered किंवा Onboard लिहिलंय की SO-DIMM, म्हणजे स्लॉटमध्ये बसणारी, हे बघा. दुकानदाराच्या 'वाढवता येईल' या शब्दावर जाऊ नका.

खर्चाच्या ओळीत छापील किंमत लिहिली असती तर ब पाच हजारांनी स्वस्त दिसला असता. पण रॅम घालायचीच आहे, म्हणून तुलना ५९,००० आणि ५९,९९० अशी. फरक जवळपास मिटला आणि किमतीची ओळ निर्णयातून बाजूला झाली.

बॅटरीच्या रकान्यात कंपनीने सांगितलेले तास लिहू नयेत. एक कंपनी कमी उजेडावर व्हिडिओ चालवून मोजते, दुसरी वेगळ्या रीतीने, त्यामुळे '१० तास' आणि '१२ तास' एका ओळीत बसतच नाहीत. वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते, आणि ते सगळ्यांचं एकच माप. ब्राउझर आणि एडिटरसारख्या कामाला साधारण १० वॉट धरले तर ब पाच तास जाईल आणि क पावणेसहा. हा ढोबळ अंदाज झाला. प्रोसेसर दोन्हींचे एकाच जातीचे असतील तरच तो चालतो.

प्रोसेसरची ओळ मुद्दाम ठेवलेली नाही, कारण नमुन्यात तो तिन्हींत सारखा धरला आहे. तुमच्या तीनमध्ये वेगळा असेल तर नुसतं 'रायझन ५' लिहून भागणार नाही. Ryzen 5 7520U आणि 7530U एकाच पिढीचे वाटतात, पण पहिल्यात ४ जुने झेन २ कोअर आहेत, दुसऱ्यात ६ झेन ३. पूर्ण नंबर लिहा. लॅपटॉपचाही पूर्ण मॉडेल नंबर रकान्याच्या डोक्यावर हवा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळी रॅम आणि वेगवेगळी स्क्रीन विकली जाते. तक्ता एका व्हेरियंटचा आणि बिल दुसऱ्याचं, हा घोळ नेहमीचा आहे.

माहिती सापडली नाही तर रकाना रिकामा न ठेवता 'विचारायचं' लिहा. रिकामा रकाना थोड्या वेळाने आपल्यालाच 'नाही' असा वाचायला येतो. स्क्रीनच्या ओळीत हे हमखास होतं, कारण निट्सचा आकडा जाहिरातीत बहुधा नसतोच. २५० निट्स घरात चालतात, खिडकीशेजारी किंवा दुपारच्या एसटीत डोळे ताणावे लागतात.

आता ब की क. बॅटरी, वजन, स्क्रीन या तिन्ही ओळी क जिंकतो आणि सर्व्हिसची एकच ओळ ब. तरी या मुलीला ब घ्यायला सांगू. सबमिशनच्या आठवड्यात कीबोर्ड गेला तर १२० किलोमीटरच्या दोन खेपा आणि मधले दिवस लॅपटॉपशिवाय, हे ४०० ग्रॅम जास्त वाहण्यापेक्षा महाग पडतं. मात्र घरी येणारी सर्व्हिस तिच्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारून मगच त्या रकान्यात लिहायचं. तीच मुलगी पुण्यात राहत असती आणि सेंटर रिक्षाच्या अंतरावर असतं, तर याच तक्त्यातून क निघाला असता.