मंद नेटवर ब्राउझरमधला व्हिडिओ एडिटर: गणपतीपासूनचा अनुभव

आमच्या दादाची राजापूर तालुक्यात आंबा-काजूच्या कलमांची रोपवाटिका आहे. कलम कसं बांधायचं, काडी कशी निवडायची, पट्टी कधी सोडायची असे छोटे व्हिडिओ तो फोनवर काढतो आणि जोडजाड मी करते. माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. त्यावर इन्स्टॉल करायचे एडिटर टाइमलाइन थोडी सरकवली तरी अडकतात, म्हणून गेल्या गणपतीत ब्राउझरमधला एक एडिटर घेतला. आधी फुकटचा, मग महिन्याचे पैसे भरून. नाव लिहीत नाही, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी या जातीच्या इतर एडिटरांनाही लागू आहेत. फीचर्स सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे ती इथे सांगत बसत नाही. मंद नेटवर काय होतं तेवढंच लिहिते.

लिहायला बसले ते त्या `Saved` या चार-पाच अक्षरांमुळे. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते येतं आणि शेजारी हिरवी टिकली. कोयकलमाचा व्हिडिओ अपलोडला लावला होता. अपलोड चालू असतानाही क्लिप टाइमलाइनवर घेऊन कापता येते, तसं काम चालू होतं. कट झाले, मजकुराच्या पाट्या टाकून झाल्या, टिकली हिरवी. तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच संपलेली, म्हणजे तोही गेला. लाईट आल्यावर प्रोजेक्ट उघडला तर कट जागेवर, पाट्या जागेवर, आणि क्लिपच्या जागी करडी पट्टी: `Media missing`.

ऑटोसेव्ह नेमकं काय जपतो ते इथे कळतं. तो जपतो फक्त यादी: कोणती क्लिप, कुठून कुठपर्यंत, कोणती पाटी कोणत्या सेकंदाला. ही यादी काही केबींची, कितीही मंद नेटवर एका झटक्यात जाते. क्लिप मात्र सर्व्हरवर पूर्ण पोचेपर्यंत आपल्याच मशीनवर असते आणि टॅब फक्त तिच्याकडे बोट दाखवत असतो. टॅब गेला की ते बोटही गेलं. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की तुमचा प्रोजेक्ट सुरक्षित आहे. पुन्हा लिहिलं की प्रोजेक्ट आहे हो, व्हिडिओ कुठे आहे? परत तेच उत्तर, खाली वेगळ्या माणसाचं नाव. मला याचा खरंच राग आहे. मीडिया पोचलेला नसताना हिरवी टिकली दाखवू नये. `Project saved, media 62%` एवढं लिहायला त्यांना काय जड आहे? ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्या बाबतीत या दोन गोष्टींत काही सेकंदांचं अंतर असतं, आमच्याकडे तासांचं असतं.

तासांचं कसं, तो हिशोब मांडते. फोनवर १०८०पी, ३० फ्रेम, एच.२६४ मध्ये काढलेला व्हिडिओ साधारण १७ एमबीपीएसचा असतो, म्हणजे मिनिटाला १२७ एमबीच्या आसपास. दादाचं १२ मिनिटांचं चित्रीकरण दीड जीबी होतं. आमच्याकडे हॉटस्पॉटवर डाउनलोड बरा मिळतो, पण अपलोड १ एमबीपीएस मिळाला तरी नशीब. त्या वेगाने दीड जीबी जायला तीन तास वीस मिनिटं लागतात, तेही मध्ये काही तुटलं नाही तर. आणि आमचा रिचार्ज रोज दीड जीबीचा. अपलोडही त्यातूनच कापला जातो. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. ऑटोसेव्हची यादी तेव्हाही जाते, टिकली हिरवीच राहते, पण क्लिप जागची हलत नाही.

आणि माझा प्लॅन एक्सपोर्ट देतो किती? ७२०पी. १०८०पी हवं तर वरचा प्लॅन. म्हणजे तीन तास खर्चून जे वर चढवलं त्यातले निम्म्याहून जास्त पिक्सेल बाहेर पडताना टाकूनच दिले जाणार. हे लक्षात आल्यापासून मी उलट्या बाजूने सुरुवात करते. आधी एक्सपोर्टची मर्यादा बघायची, मग त्याच मापाची क्लिप घरीच तयार करून चढवायची. फोनच्या गॅलरीत सुरुवातीचा-शेवटचा फापटपसारा कापायचा, केबलने फाईल लॅपटॉपवर घ्यायची आणि एफएफएमपेग या फुकट प्रोग्रामची ही एक ओळ:

```
ffmpeg -i kalam.mp4 -vf scale=-2:720 -r 30 -c:v libx264 -crf 26 -preset fast -c:a aac -b:a 96k kalam720.mp4
```

हे आडव्या व्हिडिओसाठी. यातल्या `-crf` चा आकडा वाढवला की फाईल लहान होते आणि चित्र बिघडते. मी ३० करून बघितलं. कोयकलमात खुंटाला, म्हणजे खालच्या रोपाला, मधोमध चीर देऊन त्यात काडीची पाचर बसवतात, आणि दोन्हींची साल एका तरी बाजूला नेमकी जुळली पाहिजे. बघणाऱ्याला सालीखालची ती ओली हिरवट कड दिसणं हाच सगळा व्हिडिओ. ३० ला त्या कडेचा चिखल झाला, चाकूची धारही पसरली. २६ ला कड स्वच्छ दिसते. वर एक्सपोर्ट होताना चित्र पुन्हा एकदा दाबलं जाणार असतं, म्हणून आकडा २६ च्या वर नेत नाही. ओळीतलं `-r 30` सुद्धा काढू नका. फोन प्रकाशाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, आणि असा व्हिडिओ काही एडिटरांत शेवटी शेवटी आवाजापासून सुटतो, दादाचे ओठ पुढे आणि शब्द मागे.

या ओळीनंतर ते १२ मिनिटांचं चित्रीकरण १८० एमबीच्या आसपास आलं. १ एमबीपीएसवर २४ मिनिटं. लॅपटॉप ती फाईल बनवायला वेळ घेतो, पण त्याला नेट लागत नाही.

आता जे आधी वाईट लिहिलं त्यात एक बदल. एवढं लिहून ठेवलं आणि मधल्या काळात पुन्हा अपलोड तुटला, या वेळी रेंज गेली म्हणून टॅबच कोलमडला. करड्या पट्टीवर क्लिक करून तीच फाईल दिली आणि पट्टी शून्याऐवजी साठ टक्क्यांच्या पुढून सुरू झाली! मला इतका आनंद झाला की दादाला हाक मारून दाखवलं. हा एडिटर फाईल तुकड्यातुकड्यांनी पाठवतो, पोचलेले तुकडे सर्व्हरवर काही काळ राहतात आणि कुठवर आलो होतो याची नोंद ब्राउझरमध्ये असते. मग सपोर्टने हे का सांगितलं नाही? पहिल्याच मेलमध्ये एका ओळीत काम झालं असतं.

पण ही सोय अटींवर चालते. फाईल तीच आहे हे तो नाव, आकार आणि बदलल्याची तारीख यांवरून ओळखतो. नाव बदललंत किंवा एफएफएमपेगमधून पुन्हा काढलीत, तर त्याच्या लेखी ती नवी फाईल. ब्राउझर तोच हवा, इनकॉग्निटो नको, मध्ये हिस्टरीसोबत साइट डेटा पुसलेला नको. तुमच्या एडिटरला हे जमतं का ते आधी छोट्या फाईलवर बघा: अर्धा अपलोड झाला की टॅब बंद करा, पुन्हा उघडून तीच फाईल द्या. शून्यापासून सुरू झाला तर मोठी फाईल त्याच्या भरवशावर सोडू नका, तुकडे करून चढवा.

अपलोडचा टॅब समोरच ठेवायचा हेही त्यातच येतं. २०२१ च्या क्रोम ८८ पासून मागे पडलेल्या टॅबचे टायमर काही वेळाने मिनिटाला एकदाच जागे होतात. पुढचा तुकडा टायमरवर पाठवणारा एडिटर असेल तर तो तिथे रखडतो. मी वेगळी खिडकी करून ती उघडी ठेवते आणि लॅपटॉपचं झोपणं बंद करते.

डेटाची आणखी एक गळती आहे ती प्रिव्ह्यूची. प्रत्येक वेळी प्ले केलं, मागे-पुढे ओढलं की सर्व्हरवरून चित्र खाली येतं. एका संध्याकाळी अपलोडपेक्षा प्रिव्ह्यूनेच जास्त डेटा खाल्लेला फोनच्या हॉटस्पॉटच्या आकड्यात दिसला. प्रिव्ह्यू ३६०पीवर ठेवला की बराच फरक पडतो. सालीची कड तपासायची असेल तेव्हा मूळ फाईल लॅपटॉपवरच उघडून बघते.

एक्सपोर्टबद्दल चांगलं आधी सांगते. रेंडर त्यांच्या सर्व्हरवर होतो. काही एडिटर तेच काम तुमच्या ब्राउझरमध्ये करतात, मग ४ जीबीच्या मशीनचा जीव जातो. कोणता प्रकार आहे ते कळायला एक्सपोर्ट सुरू करून टॅब बंद करा आणि थोड्या वेळाने परत या. टक्के पुढे गेलेले असतील तर काम सर्व्हरवर चालू आहे. माझ्यासारख्या मशीनला हा फायदा मोठा आहे आणि मी अजून टिकून आहे ती यासाठीच.

खटकतं ते मोजणं. महिन्याला ठराविक मिनिटांचा एक्सपोर्ट मिळतो आणि तोच व्हिडिओ पुन्हा काढला तर पूर्ण लांबी पुन्हा मोजतात. सहा मिनिटांचा व्हिडिओ काढून झाल्यावर दादा म्हणाला, "अगं, काजूच्या कलमाचा दर वाढवलाय, शेवटची पाटी तेवढी बदल." पाटी पाच सेकंदांची, वजा झाली पुन्हा सहा मिनिटं. तेव्हापासून दर, फोन नंबर, बुकिंगची तारीख असलं काहीच व्हिडिओत टाकत नाही, ते खालच्या मजकुरात लिहिते. आणि एक्सपोर्टआधी प्रिव्ह्यूची लिंक दादाला पाठवते. त्याने पाट्या वाचून "हो" म्हटल्याशिवाय बटण दाबत नाही.

डाउनलोडची लिंक काही तासांनी मरते. अर्धवट तुटलेलं डाउनलोड लिंक जिवंत असेपर्यंतच पुढे चालू होतं, नंतर नाही. रात्री बारानंतर नवा कोटा लागला की एक्सपोर्ट लावते आणि लगेच उतरवून घेते.

वर्षाचा प्लॅन घ्या म्हणून ते मागे लागलेत, स्वस्त पडतो म्हणतात. मी घेणार नाही. कलमांचे व्हिडिओ पावसाळ्यातच जास्त निघतात, तेवढे महिने भरते, बाकीचे महिने बंद ठेवते. बंद करताना सगळे एक्सपोर्ट आणि ७२०पीच्या क्लिपा लॅपटॉपवर आहेत ना हे आधी बघते, कारण पैसे थांबले की त्यांच्या सर्व्हरवरची जागा कमी होते आणि जुना मीडिया पुसला जातो. आणि सपोर्टला त्या टिकलीबद्दल अजून दर महिन्याला मेल टाकते.