केटामाइन की प्रोपोफॉल? हाड बसवताना द्यायची गुंगी आणि जाग येतानाचा गोंधळ

मनगटाचं हाड मोडून सरकलंय. ते ओढून जागेवर बसवायचं आणि प्लास्टर घालायचं. काम दहा मिनिटांचं, पण शुद्धीत राहून सोसवणार नाही असं. त्यासाठी थोड्या वेळापुरती गुंगी देतात आणि त्यात दोन नावं हमखास येतात, केटामाइन आणि प्रोपोफॉल. केटामाइन म्हटलं की नातेवाईक दचकतात, कारण ‘त्याने माणूस भ्रमिष्टासारखं करतो’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यात तथ्य आहे. पण एवढ्याच धास्तीपायी ते नाकारलं, तर जिथे तेच जास्त सुरक्षित असतं तिथेही हातचं जातं.

समजा, रुग्ण 60 किलो वजनाची, पस्तिशीतली, एरवी ठणठणीत बाई आहे.

तिला प्रोपोफॉल दिलं तर शिरेतून साधारण 60 मिलिग्रॅम जातं. दुधासारखं पांढरं औषध, आत जाताना हात चांगलाच चुरचुरतो. अर्ध्या-पाऊण मिनिटात डोळे मिटतात. कमी पडलं तर थोडं थोडं वाढवतात. पाच-दहा मिनिटांत असर ओसरायला लागतो आणि थोड्याच वेळात ती ‘झालं का?’ म्हणून विचारते. डोकं बऱ्यापैकी स्वच्छ असतं. स्वप्न पडलंच तर ते बहुधा साधं, सुखाचं असतं. जाग येण्याच्या बाबतीत प्रोपोफॉल उजवं आहे, यात वाद नाही.

त्याची किंमत मात्र आधी मोजावी लागते. प्रोपोफॉलने श्वास मंदावतो, कधी काही क्षण थांबतोही, आणि रक्तदाब उतरतो. शिवाय त्यात वेदना मारण्याचा गुण नाही, म्हणून सोबत फेंटानिलसारखं औषध द्यावं लागतं आणि तेही श्वास दाबतं. म्हणजे श्वासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा आणि गरज पडताच मास्कने श्वास देऊ शकणारा माणूस उशाशी हवाच. असा माणूस केटामाइनलाही लागतो, पण प्रोपोफॉलमध्ये त्याला हात घालायची वेळ जास्त येते.

केटामाइनही 60 मिलिग्रॅमच, पण सावकाश, निदान अर्धा ते एक मिनिट घेऊन. घाईने ढकललं तर त्यानेही श्वास थोडा वेळ अडू शकतो. मिनिटभरात ती ‘गेलेली’ असते, पण डोळे उघडेच. नजर कुठेतरी लागलेली, बुबुळं बारीक थरथरतात, मध्येच हात हलतो, तोंडातून आवाज निघतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हिला सगळं कळतंय, दुखतंय. तसं नसतं. श्वास तिचा तिचा चालू असतो, नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात, आणि वेदनेची सोय त्याच औषधात झालेली असते. हाड बसवायला लागणारी दहा-पंधरा मिनिटं सहज मिळतात. उणी बाजू म्हणजे लाळ, उलटी, आणि क्वचित पण गंभीर असा स्वरयंत्राचा आचका, ज्यात घसा आवळून हवा आत जाईनाशी होते. पूर्ण भानावर यायला तासभर, कधी दोन तास लागतात.

धास्ती आहे ती या तासाची.

प्रोपोफॉल सगळ्या मेंदूलाच पेंग आणतं. केटामाइनचं तसं नाही. ते मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या जागांना, अडवतं, आणि शरीराकडून, डोळ्यांकडून, कानांकडून येणाऱ्या खबरा एकत्र जुळवून ‘मी इथे आहे, हे माझ्याभोवती चाललंय’ असं चित्र तयार होतं, ते काम मोडतं. मेंदू जागाच, पण जगापासून तुटलेला. औषधाचा मोठा भाग मेंदूतून लवकर उतरतो, उरलेला हळूहळू. या मधल्या काळात भान परतलेलं असतं, पण जुळवणी अजून विस्कटलेली असते. छतावरचा दिवा मोठा होत जवळ येतो. नर्सचा आवाज लांबून, बोगद्यातून यावा तसा येतो. आपले पाय कुठे आहेत ते लागत नाही, तरंगल्यासारखं वाटतं. वेळेचा हिशेब राहत नाही, त्यामुळे दोन मिनिटं संपता संपत नाहीत. काहींना हे सुंदर वाटतं. काहींना आपण मेलो असं वाटतं, आणि तेव्हाची भीती अगदी खरी असते.

केटामाइनच्या अधिकृत माहितीपत्रकात अशा त्रासाचं प्रमाण सुमारे 12 टक्के दिलंय, आणि त्यात नुसत्या गोड स्वप्नांपासून घाबरून आरडाओरडा करण्यापर्यंत सगळं येतं. लहान मुलांत आणि वृद्धांत ते कमी दिसतं. ज्याला आधीच खूप भीती वाटत असते, त्याची जागही भीतीत येण्याचा संभव जास्त. म्हणून ‘थोडा वेळ विचित्र वाटेल, स्वप्नासारखं, ते औषधाचं आहे आणि उतरेल’ हे सुई टोचण्याआधी सांगितलंच पाहिजे. सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते टाळलं जातं याचा मला मनापासून राग येतो.

औषधाचाही उपाय आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केटामाइन दिलेल्या प्रौढांना सोबत मिडाझोलाम हे पेंग आणून शांत करणारं औषध थोडं दिल्यावर हा त्रास 25 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आला. मोबदल्यात पेंग लांबते आणि श्वासावर जास्त नजर ठेवावी लागते. मुलांना ते सरसकट देण्याने फायदा दिसत नाही.

जाग येत असताना गालावर थापट्या मारणं, ‘ओळखलंस का मला?’ म्हणून चारचारदा विचारणं, पाच जणांनी भोवती उभं राहणं, यांनी गोंधळ वाढतो. दिवा मंद, एकच ओळखीचा हळू आवाज, एवढं पुरतं. पण प्रत्येक तडफड केटामाइनच्या माथी मारायची नाही. श्वास घेताना घुर्र किंवा शिट्टीसारखा आवाज, छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर होणं, मॉनिटरवरचा ऑक्सिजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब हाक मारायची. प्लास्टर घट्ट बसून हात दुखत असेल किंवा लघवी तुंबली असेल तरी माणूस असाच अस्वस्थ होतो. डॉक्टर आधी हे तपासतात आणि मग शांत करणारं औषध देतात.

निवड करताना माझा कल असा. आपल्या त्या बाईला वाईट स्वप्नांची, घाबरण्याची फार सवय असेल, रक्तदाब उत्तम असेल आणि श्वास सांभाळणारा तयारीचा माणूस असेल, तर प्रोपोफॉल. रक्तस्रावाने रक्तदाब उतरलेला असेल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर केटामाइन. लहान मुलाचं हाड बसवायचं असेल तरीही मी केटामाइनच म्हणेन, फक्त तीन महिन्यांखालच्या बाळाला ते देत नाहीत. स्किझोफ्रेनिया असेल, आणि तो सध्या आटोक्यात असला तरीही, केटामाइन नको. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील किंवा रक्तदाब बेसुमार वाढलेला असेल तेव्हाही सहसा नको. दोन्ही अर्धी अर्धी मिसळून देण्याचीही पद्धत आहे. त्यात जागही तुलनेने शांत येते, पण श्वासाची काळजी उरतेच.

या गोष्टी भूल देणाऱ्याला आपणहून सांगायच्या. मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर नातेवाइकांसमोर लाजून ती लपवू नये, एकट्याने बोलायचंय असं म्हणावं. केटामाइननंतर घरी सोडल्यावर एखादं विचित्र स्वप्न किंवा क्षणभर तरंगल्यासारखं 24 तासांपर्यंत परत जाणवू शकतं. तेवढा वेळ गाडी चालवायची नाही आणि रात्री घरात कुणीतरी सोबत असावं.