शाईचा मासिक डबा: नऊ महिने वापरल्यावर (शाई छान, पुठ्ठा फार)

रिफंड अखेर खात्यात आला, म्हणून आता शांतपणे लिहिते. विक्रेत्याचं नाव मुद्दाम घेत नाही. भांडण मिटलंय आणि माणूस वाईट नाही. फाऊंटन पेनवाल्यांना योजना माहीत असेलच: दरमहा ५९९ रुपये, त्यात ५ मिलीच्या पाच कुप्या, रंगांच्या नमुन्याचं एक कार्ड आणि 'शिपिंग फ्री'. पूर्ण बाटली घेऊन पस्तावण्यापेक्षा थोडी थोडी शाई वापरून बघावी, ही कल्पना मला आजही पटते.

पण तो डबा! पहिल्या महिन्यात दारात आला तेव्हा वाटलं, कुणीतरी मिठाई पाठवली. आत रंगीत कागदाच्या पट्ट्यांचं गवत, त्यात खोल कुठेतरी पाच कुप्या. मी फूटपट्टी लावली: २५ बाय २० बाय १० सेंटिमीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर सगळा ऐवज २०० ग्रॅमसुद्धा भरेना. घरच्यांनी हसून घेतलं, पण माझं डोकं तिथेच अडकलं.

माझा मावसभाऊ इचलकरंजीहून मसाले कुरिअरने पाठवतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, कुरिअरवाला वजन बघत नाही, जागा बघतो." लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. उत्तर किलोमध्ये येतं, आणि ते आणि खरं वजन यांतलं जे जास्त, त्यावर बिल. काही कंपन्या भागायला ५००० पेक्षा लहान आकडा धरतात, म्हणजे अजूनच महाग. आमच्या डब्याचा गुणाकार ५०००, म्हणजे बरोब्बर १ किलो. आत २०० ग्रॅम असले तरी बिल १ किलोचं!

भावाच्या दरपत्रकात पहिल्या अर्ध्या किलोला ६२ रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४८, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे या डब्याला साधारण १३० रुपये. हाच ऐवज अर्ध्या किलोच्या आत बसवला असता तर ७३. विक्रेत्याचे दर थोडे वेगळे असतील, पण गणिताचा साचा हाच. ५७ रुपये हवेला गेले. आता शाईकडे बघा. ५० मिलीची बाटली ५०० रुपयांची धरली तर ५ मिली पडते ५० रुपयांना. म्हणजे त्या हवेच्या पैशात सहावी कुपी आली असती. 'फ्री' शिपिंग कुणीच फुकट करत नाही, ते आपल्याच ५९९ मधून जातं, हे मला बँकेत इतकी वर्षं काढल्यावर कुणी शिकवायला नको.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं की डबा उघडताना 'आनंद' वाटला पाहिजे, लोक व्हिडिओ काढतात, आणि शिवाय मालाचं संरक्षण होतं. संरक्षणाचा मुद्दा मला मुळातच पटला नाही. कुप्या प्लास्टिकच्या आहेत, मी एक मुद्दाम फरशीवर टाकून पाहिली, काही झालं नाही. शाईला धोका फुटण्याचा नसतो, गळण्याचा असतो. आणि गळती गवताने थांबत नाही, झाकणाच्या आतल्या चकतीने थांबते. जूनच्या डब्यात एका कुपीच्या झाकणात ती चकतीच नव्हती. हिरवी शाई गवतात मुरली, कार्डावर पसरली, आणि वरून रत्नागिरीच्या पावसाने पुठ्ठा मऊ केलेला. प्रत्येक कुपी वेगळ्या झिप पिशवीत असती तर बाकीचं वाचलं असतं. तपासायचं कसं, तेही सांगते: भरलेली कुपी टिश्यूवर उलटी करून रात्रभर ठेवायची. सकाळी डाग दिसला तर ती पाठवायची नाही. शंभर-सव्वाशे लोकांच्या कुप्या असतील तर सगळ्या नाही, पण झाकणांच्या प्रत्येक नव्या पाकिटातल्या दहा-बारा तरी उलट्या करून बघता येतात.

कुरिअरचा आणखी एक त्रास. आमच्याकडे कुरिअरवाला फोन करतो, "मॅडम, ऑफिसला येऊन घेऊन जा." रिक्षाचं भाडं कोण देणार? स्पीड पोस्टचं पाकीट पोस्टमन घरी आणून देतो. हेही विक्रेत्याला लिहिलं. तेव्हा दाद मिळाली नाही.

आता आतल्या शाईबद्दल. निवड करणाऱ्या माणसाला रंगांची नजर आहे, हे मान्य करायलाच हवं. पहिल्या तीन महिन्यांत एकही रंग असा नव्हता जो मी स्वतःहून घेतला असता, आणि त्यातले दोन आता माझ्याकडे पूर्ण बाटलीने आहेत. एक करडी-जांभळी शाई आहे, ओली असताना जांभळी दिसते आणि वाळली की पावसाळी ढगासारखी होते. या एका शाईसाठी मी बराच राग गिळला.

पण नोंदणी करताना विचारलं होतं, निब कोणती: फाईन, मीडियम की ब्रॉड? मी फाईन लिहिलं. चौथ्या महिन्यात दोन कुप्या चमकीच्या आल्या. चमकीच्या शाईत बारीक कण असतात, ते तळाशी बसतात, पेन हलवून लिहावं लागतं, आणि बारीक निबच्या फीडमध्ये, म्हणजे निबला शाई पोचवणाऱ्या खालच्या भागात, ते अडकतात. ब्रॉड निबवाल्याला तीच शाई सोन्यासारखी. मला ते पेन धुताना सिरिंजने पाणी ढकलत बसावं लागलं, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून सुद्धा. त्याच डब्यात एक आयर्न गॉल होती, लोहाची शाई, लिहिल्यावर हळूहळू काळी पडणारी. शाई उत्तम, पण आम्लधर्मी. पेनमध्ये महिनोन्महिने तशीच ठेवली तर त्रास देते, वेळच्या वेळी धुवावी लागते. कार्डावर एका ओळीने तसं लिहिलं असतं तर नवख्या माणसाचं पेन वाचलं असतं. तशी ओळ नव्हती.

मग निब विचारली कशाला? मला वाटतं, सगळ्यांना एकच डबा पाठवणं विक्रेत्याला सोपं पडतं. ५० मिलीच्या बाटलीतून हिशेबाने दहा कुप्या निघतात, सांडलवंड धरून नऊ. १२० ग्राहक असतील तर एका रंगाच्या चौदा बाटल्या फोडाव्या लागतात. तीन निबांसाठी तीन वेगळे डबे केले की प्रत्येक रंगाची अर्धवट बाटली उरते आणि भरताना चुकीच्या माणसाला चुकीचा डबा जाण्याची भीती. हे मला समजतं. पण दोन प्रकार पुरेसे आहेत: साधा आणि चमकीचा. चार रंग सगळ्यांना तेच, फक्त पाचवी कुपी वेगळी. एवढ्याने माझ्यासारख्यांच्या निम्म्या तक्रारी संपल्या असत्या.

आकाराचंही सांगते. पेनच्या आत शाई भरायची जी छोटी नळी असते, त्या कन्व्हर्टरमध्ये १ मिलीच्याही आत शाई मावते, म्हणून ५ मिली बरीच पुरते. माझा राजमहेंद्रीचा एबोनाइटचा आयड्रॉपर, म्हणजे पोटातच थेट शाई भरायचा पेन, मात्र एका दमात ३ मिली पितो. त्यात कुपी अरुंद, निब तळापर्यंत पोचत नाही, शेवटचा मिलीभर सिरिंजशिवाय निघत नाही. पहिल्या डब्यात बोथट सुईची सिरिंज दिली होती, ती देणाऱ्याला शंभर गुण.

आता भांडण. सहाव्या महिन्यात मी तीन महिन्यांचे १६५० आगाऊ भरले, कारण सुटे १७९७ होतात. लगेचच्या डब्यात पाचपैकी चार निळ्या, त्यातली एक जवळजवळ आपली घरची रॉयल ब्लू. रद्द करायला गेले तर 'पॉज' आहे, 'स्किप' आहे, 'रद्द करा' कुठेच नाही. ईमेल करा, सात कामकाजाचे दिवस थांबा. उत्तर: उरलेल्या पैशांचं कूपन मिळेल.

मी हिशेब लिहून पाठवला. सवलत तीन डब्यांसाठी होती, मी एकच घेतला, तर त्या एकाचे पूर्ण ५९९ कापा. १६५० वजा ५९९, परत द्या १०५१. तुमचंही नुकसान नाही, माझंही नाही. सोबत हेही लिहिलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या नियमांत रद्द करणं अवघड करून ठेवण्याला 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हटलंय, आणि १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर माझ्याकडे आहे. कूपनची भाषा थांबली. पैसे आले.

दरमहा भरणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. यूपीआय ऑटोपे असेल तर आपल्या अॅपमधल्या मँडेटच्या, म्हणजे पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांच्या, यादीत जाऊन ते आपणच बंद करू शकतो, विक्रेत्याची परवानगी लागत नाही. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मात्र मँडेट बंद केलं म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द झालं असं नाही, एक ओळीचा ईमेल टाकून पुरावा ठेवा. आणि तारखा बघा. आधी पैसे १ तारखेला कापायचे आणि डबा १४-१५ ला यायचा, म्हणजे पुढच्यासाठी विचार करायला पंधरा दिवस. नंतर कापायची तारीख गुपचूप १२ केली. म्हणजे या महिन्याची शाई हातात यायच्या आधीच पुढच्या डब्याचे पैसे गेलेले. मला यात सर्वात जास्त चीड आली, पुठ्ठ्याहूनही.

अपडेट: हे लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात विक्रेत्याचा निरोप आला की डबा बदललाय, एकदा बघा. एकच सुटा मागवला. २० बाय १४ बाय ३ चं चपटं खोकं, गुणाकार ८४०, म्हणजे १७० ग्रॅमच्या आत! स्पीड पोस्टने, पोस्टमन दारात. प्रत्येक कुपी वेगळ्या पिशवीत, भोवती शोषून घेणारा कागद, गवत गायब. कुप्या सहा. किंमत तीच ५९९. म्हणजे माझं गणित बरोबर होतं, आणि त्यांनी ते ऐकलंही. चार तारे देणार होते त्याऐवजी... नाही, चारच. कार्डावर आयर्न गॉलबद्दल अजून काही लिहिलेलं नाही, आणि 'रद्द करा' बटण अजूनही ईमेलच्या मागेच लपलंय.

सध्या दोन महिन्यांतून एक सुटा डबा मागवते, ऑटोपे न लावता. सहा कुप्या तेवढ्या काळात आरामात पुरतात. तुम्ही घेणार असाल तर नोंदणीत निब काहीही असली तरी शेऱ्याच्या रकान्यात 'चमकी नको' असं लिहा. मी लिहिलं, आणि या वेळी एकही चमकीची आली नाही.